विहिरीच्या मोटारीचा नियंत्रक: रिलेच्या बाजूच्या प्रकल्प नोंदी

२ एप्रिल: पिन आणि रिलेमधलं अंतर

काम असं आहे: ईएसपी-३२ ने ठरलेल्या वेळी विहिरीवरची मोटार चालू-बंद करायची. मोटार थेट रिलेवर नाही. छोट्या निळ्या रिलेने २३० व्होल्ट कॉइलच्या कॉन्टॅक्टरला ओढायचं आणि मोटारीचा करंट कॉन्टॅक्टरने पेलायचा. सिंगल फेज १ एचपी मोटार चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट. निळ्या रिलेवर छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतात. मोटार थेट जोडली तर त्याचे कॉन्टॅक्ट एके दिवशी चिकटतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्ट म्हणजे बंदच न होणारी मोटार.

आधी फक्त पिन ते रिले एवढाच टप्पा. रिलेची कॉइल ५ व्होल्टची, मल्टिमीटरवर ६९ ओहम दिसली. डेटाशीटमध्ये ७० ओहम आहे, म्हणजे करंट साधारण ७१ मिलीअँपिअर. ईएसपी-३२ ची पिन देते ३.३ व्होल्ट, आणि तिच्याकडून २० मिलीअँपिअरच्या वर मागू नये. व्होल्टेजही कमी, करंटही कमी. मध्ये ट्रान्झिस्टर हवाच.

दुकानात मागायला किंवा शोधताना टाइप करायला ही नावं:

```
SRD-05VDC-SL-C    रिले
BC337-25          ट्रान्झिस्टर
1N4007            डायोड
1N4749A           झेनर, 24 V, 1 W
470R, 10k         रेझिस्टर, 1/4 W
```

बीसी-५४७ घरात पडलेले असतात आणि बरेच जण तेच लावतात. त्याची मर्यादा १०० मिलीअँपिअर. ७१ वर तो चालतो, पण काठावर चालतो. बीसी-३३७ याहून कितीतरी जास्त करंट आरामात पेलतो आणि पायांचा क्रमही तोच आहे: सपाट बाजू समोर, पाय खाली, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बोर्ड न बदलता अदलाबदल होते. टू-एन-२२२२ लावणार असाल तर नाव पूर्ण वाचा. पीएन-२२२२ए आणि पी-२एन-२२२२ए ही दोन्ही प्लॅस्टिक टोपीतलीच, पण पायांचा क्रम बरोबर उलटा. उलटा बसवला तरी ट्रान्झिस्टर अर्धवट चालतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

५ एप्रिल: बेसचा रेझिस्टर

जोडणी: रिले कॉइलचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं कलेक्टरला. एमिटर ग्राउंडला. पिनपासून बेसपर्यंत एक रेझिस्टर. कॉइलवर डायोड, पट्टीचं टोक ५ व्होल्टकडे. डायोडबद्दल पुढच्या नोंदीत सविस्तर.

मुद्दाम १० किलोओहमपासून सुरुवात केली, कारण अनेक सर्किटमध्ये तोच लावलेला दिसतो. बेसवर साधारण ०.७ ते ०.८ व्होल्ट पडतो, म्हणजे रेझिस्टरवर उरले २.५. बेस करंट फक्त ०.२५ मिलीअँपिअर. ट्रान्झिस्टरने तो २०० पट केला तरी ५० मिलीअँपिअर झाले. रिलेला हवेत ७१. पिन हाय केली तेव्हा कलेक्टरवर १.५ व्होल्ट दिसले, म्हणजे कॉइलला मिळाले ३.५. पाच रिले एकामागून एक लावून पाहिले: तीन ओढले, एक अर्धवट कुरकुरला, एक हललाच नाही. डेटाशीट ओढण्याची हमी ७५ टक्क्यांना देते, म्हणजे ३.७५ व्होल्टला. त्याखाली ज्याचं त्याचं नशीब.

इथे गफलत ‘गेन’ या आकड्याने होते. डेटाशीटवर २०० किंवा ४०० दिसतो आणि तोच भागाकारात घेतला जातो. पण तो आकडा ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतानाचा आहे. स्विच म्हणून वापरताना तो पूर्ण उघडायला हवा, आणि त्यासाठी बेसला कलेक्टरच्या दहाव्या ते विसाव्या भागाइतका करंट द्यायचा. पंधरावा भाग धरला:

```
Ib = 71 mA / 15 = 4.7 mA
R  = (3.3 - 0.8) / 0.0047 = 530 ohm
```

जवळची किंमत ४७० ओहम. पिनमधून ५.३ मिलीअँपिअर जातात, पिनेला त्याचं काहीच ओझं नाही. कलेक्टरवर आता ०.१ व्होल्टच्या आसपास दिसतं. पाचही रिले खणखणीत ओढतात.

नंतर कधीही शंका आली तर एकच माप पुरतं: रिले चालू असताना कलेक्टर ते एमिटर व्होल्टेज. ०.३ च्या आत असेल तर ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा आहे. एक व्होल्टच्या पुढे असेल तर रेझिस्टर मोठा आहे किंवा पाय चुकले आहेत.

६ एप्रिल: उन्हाळ्याचा हिशोब

डबा पंपाच्या खोलीत, पत्र्याखाली लागणार आहे. मे महिन्यात आत ४५ अंश सहज होतील. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ७० ओहम असलेली कॉइल ४५ ला ७७ ओहम होते. रिले ओढतो करंटवर, म्हणून तेवढाच करंट घडवायला ३.७५ ऐवजी ४.१ व्होल्ट लागतात. त्यात रिले तासभर चालू राहून स्वतःच्याच उष्णतेने आणखी ३० अंश तापला असेल, आणि वीज जाऊन लगेच आली, तर कॉइल ८५ ओहमला आणि गरज ४.५ व्होल्टला पोचते.

मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, मीटरभर बारीक केबल, शेवटी उरले ४.८. ट्रान्झिस्टरने ०.१ खाल्ले तर ४.७, अजून जागा आहे. ट्रान्झिस्टरने ०.६ खाल्ले तर ४.२, आणि भर दुपारी रिले हलणार नाही. जानेवारीत टेबलावर चाललेलं सर्किट मे महिन्यात शेतावर का रुसतं, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. म्हणून ४७० ओहम कायम, आणि केबल आखूड व जाड.

११ एप्रिल: डायोड काढून आणि लावून

आज ऑसिलोस्कोप मिळाला. प्रोब १० पटीवर ठेवून कलेक्टरवर लावला. आधी डायोड काढून.

कॉइलमधून करंट वाहत असताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र साठलेलं असतं. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी तो करंट जागच्या जागी थांबत नाही. त्याला वाट नसेल तर कॉइल आपल्या टोकांमधलं व्होल्टेज वाढवत नेते, कुठूनतरी वाट फुटेपर्यंत. पडद्यावर हेच दिसलं: कलेक्टर ०.१ वरून सरळ वर गेला आणि ८० व्होल्टच्या आसपास सपाट झाला. सपाटी सुमारे ०.२ मिलीसेकंद टिकली, मग रेघ डोलत ५ वर आली. ती सपाटी म्हणजेच फुटलेली वाट, ट्रान्झिस्टरच्या आतून. बीसी-३३७ ची हमी ४५ व्होल्टपर्यंतची आहे, तो ८० ला नाइलाजाने वाहू लागला. त्या क्षणी ७० मिलीअँपिअर गुणिले ८० व्होल्ट, साडेपाच वॉटच्या वर, एवढ्याशा टोपीत.

याची वाईट गोष्ट अशी की ट्रान्झिस्टर पहिल्या फटक्याला मरत नाही. शंभरदा चालतो, हजारदा चालतो, आणि मग कलेक्टर-एमिटर शॉर्ट होतो. शॉर्ट झाला की रिले कायमचा चालू. ‘डायोडशिवायही चालतंय की’ हे वाक्य म्हणूनच खरं असूनही निरुपयोगी आहे.

आता १एन४००७ लावला. पांढरी पट्टी ५ व्होल्टकडे, दुसरं टोक कलेक्टरकडे. रिले चालू असताना तो उलटा असतो, काहीच करत नाही. ट्रान्झिस्टर बंद होताच कॉइलचा करंट डायोडमधून वळून पुन्हा कॉइलमध्येच फिरतो आणि तिच्या रोधात विरून जातो. पडद्यावर कलेक्टर ५.७ व्होल्टला थांबला.

डायोडची निवड इतकी अवघड नाही जितकी ती केली जाते. त्यातून जाणारा सर्वांत मोठा करंट म्हणजे कॉइलमध्ये आधीच असलेला करंट, ७१ मिलीअँपिअर. १एन४१४८ सुद्धा पुरतो. १एन४००७ हळू आहे म्हणून चालणार नाही असं सांगतात, पण त्याचा हळूपणा वाहता वाहता एकदम उलटं व्हावं लागलं तर आड येतो. आपला रिले मिनिटांनी, तासांनी बदलतो. मात्र हेच सर्किट डीसी मोटारीला किंवा सोलेनॉइडला हजारो वेळा सेकंदाला चालू-बंद करायला वापरलं, तर १एन४००७ काढून १एन५८१९ सारखा वेगवान डायोड लावावा लागेल.

डायोड उलटा लागला तर काय, तेही पाहून ठेवलं. रिले ओढत नाही, कलेक्टरवर ४ व्होल्टच्या वर दिसतं आणि ट्रान्झिस्टरला बोट लावता येत नाही इतका तो दोन सेकंदांत तापतो. ५ व्होल्ट डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून सरळ ग्राउंडला निघालेले असतात. ईएसपी-३२ बहुधा त्याच क्षणी रीसेट होतो. अशा वेळी कोडमध्ये चूक शोधण्याआधी पट्टीची दिशा पाहावी.

डायोड कॉइलच्या पायांना अगदी लागून डाग दिला आहे. बोर्डच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर मधल्या तारांमधून तो करंट फिरतो आणि ती वर्तुळाकार तार आजूबाजूला गोंगाट पसरवते. रिलेचं ग्राउंडही ईएसपी-३२ च्या पायातून न नेता, चार्जरची तार जिथे येते तिथल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला स्वतंत्र जोडलं.

१४ एप्रिल: डायोडची किंमत

डायोडने व्होल्टेज आवरलं, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. एका चॅनलवर पिन आणि दुसऱ्यावर कॉन्टॅक्ट लावून, पिन लो झाल्यापासून कॉन्टॅक्ट उघडेपर्यंतचा वेळ मोजला.

काहीच नसताना २ मिलीसेकंद. साधा डायोड असताना ७. कारण सरळ आहे: कॉइलला करंट संपवायला डायोडवर फक्त ०.७ व्होल्टचा विरोध मिळतो, त्यामुळे तो रेंगाळत ओसरतो. रिलेच्या आतल्या हलणाऱ्या लोखंडी पट्टीला धरून ठेवणारं चुंबकत्व हळूहळू सैल होतं आणि कॉन्टॅक्टही झटक्यात न उघडता संथपणे सुटतात. उघडणारा कॉन्टॅक्ट जितका संथ, तितकी ठिणगी लांबते.

यावर उपाय म्हणजे करंटला वाट द्यायची, पण चढाची. डायोडच्या ओळीत २४ व्होल्टचा झेनर घातला. डायोडची पट्टी ५ व्होल्टला, डायोडचं दुसरं टोक झेनरच्या पट्टी नसलेल्या टोकाला, आणि झेनरची पट्टी कलेक्टरला. दोघांची बिनपट्टीची टोकं एकमेकांना भिडतात, एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही. कलेक्टर आता ५ अधिक २४ अधिक ०.७, म्हणजे सुमारे ३० व्होल्टला थांबतो. ट्रान्झिस्टरच्या ४५ ला पुरेसं अंतर राहतं. कॉन्टॅक्ट २.५ मिलीसेकंदात उघडतो.

झेनर उलटा लागला तर काही जळत नाही, फक्त तो साध्या डायोडसारखा वागतो: कलेक्टर साडेसहाच्या आसपास थांबतो आणि ७ मिलीसेकंद परत येतात. स्कोप नसेल तर ही चूक कळणार नाही, म्हणून डाग देण्याआधी दोनदा पाहिलं. झेनरची किंमत वाढवताना ट्रान्झिस्टरचा आकडा विसरायचा नाही. बीसी-३३७ बरोबर ३६ व्होल्टचा झेनर म्हणजे जवळपास ४२, आणि मग अंतर राहत नाही.

हा झेनर प्रत्येक रिलेला लागतो असं नाही. बल्ब किंवा पंखा असेल तर साधा डायोड पुरे. इथे रिले दुसऱ्या कॉइलचा करंट तोडणार आहे, म्हणून ठेवला.

१९ एप्रिल: बूट होतानाचा टक

ईएसपी-३२ चालू होताना किंवा नवा प्रोग्रॅम टाकताना पिन काही काळ मोकळी असते, ना हाय ना लो. त्या वेळात बेस कुठेही तरंगू शकतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहम लावला. चालू असताना तो ०.०८ मिलीअँपिअर खातो, हिशोबात न धरण्याइतका.

पण पिनच स्वतःहून हाय होत असेल तर हा रेझिस्टर काही करू शकत नाही. जीपीआयओ १४ बूट होताना थोडा वेळ सिग्नल सोडते, तिच्यावर रिले टकटकतो. जीपीआयओ १२ बूटच्या क्षणी हाय सापडली तर बोर्ड सुरूच होत नाही. ३४ ते ३९ फक्त आत वाचायच्या आहेत, त्यांवर रिले कधीच चालणार नाही. २६ घेतली. वीस वेळा रीसेट करून पाहिलं, एकदाही टक झाला नाही.

२६ एप्रिल: कॉन्टॅक्टर जोडला, बोर्ड रीसेट होऊ लागला

टेबलावर सगळं नीट. आज रिलेच्या कॉन्टॅक्टमधून कॉन्टॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल जोडली. मोटार अजून नाही. चालू करताना अडचण नाही. बंद करताना दर आठ-दहा वेळांत एकदा ईएसपी-३२ रीसेट.

रीसेटचं कारण छापून घेतलं:

```cpp
#include <esp_system.h>

void setup() {
  pinMode(26, OUTPUT);
  digitalWrite(26, LOW);
  Serial.begin(115200);
  Serial.println((int)esp_reset_reason());
}
```

९ आलं असतं तर पुरवठा खचला असा अर्थ होता. आलं १, म्हणजे बोर्डला वाटतंय की नुकतीच वीज आली. वीज तर गेलेलीच नाही. चार्जरचे ५ व्होल्ट स्कोपवर स्थिर. म्हणजे रीसेटच्या ईएन पिनवर बाहेरून झटका बसतोय.

ट्रान्झिस्टरजवळचा डायोड बदलून, दोन डायोड लावून, मोठा डायोड लावून इथे काही होणार नाही. तो डायोड रिलेच्या कॉइलपुरता आहे. आता करंट तोडला जातोय दुसऱ्या कॉइलचा, रिलेच्या कॉन्टॅक्टवर, आणि तिचं वागणं तेच: वाट नाही तर व्होल्टेज वाढव. इथे वाट फुटते उघडणाऱ्या कॉन्टॅक्टमधल्या हवेतून. ठिणगी पडते, विझते, पुन्हा पडते, आणि प्रत्येक ठिणगी रेडिओच्या झटक्यासारखी जवळच्या तारांत शिरते. खोलीत अंधार करून रिलेच्या पारदर्शक झाकणातून पाहिलं तर निळसर ठिणगी स्पष्ट दिसते. (निळ्या रिलेत दिसत नाही, त्यासाठी पारदर्शक रिले तात्पुरता लावला.)

इथे डायोड लावायचा नाही. ही एसी आहे. डायोड लावला तर अर्ध्या आवर्तनात तो सरळ शॉर्ट होईल आणि फुटेल.

२७ एप्रिल: स्नबर

मुख्य वीज काढून, कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर (ए-१ आणि ए-२) १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड ओळीत लावले; ही जोडी म्हणजेच स्नबर. कपॅसिटर एक्स-२ प्रकारचा, अंगावर २७५ व्होल्ट एसी लिहिलेला. साधा ४०० व्होल्ट डीसीचा कपॅसिटर इथे लवकर खराब होऊ शकतो, आणि बिघडला तर शॉर्टही होऊ शकतो. रेझिस्टर २ वॉटचा घेतला. सरासरी उष्णता नगण्य आहे, पण झटके मोठे असतात आणि पाव वॉटचा छोटा रेझिस्टर त्या व्होल्टेजला टिकत नाही.

रीसेट थांबले. कॉइलचा करंट आता ठिणगीऐवजी कपॅसिटरमध्ये जातो आणि रेझिस्टरमध्ये विरतो.

स्नबर रिलेच्या कॉन्टॅक्टवर लावायची पद्धतही आहे, पण मग रिले बंद असतानाही ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ७ मिलीअँपिअर झिरपत राहतात. लहान कॉन्टॅक्टर तेवढ्याने गुणगुणतो किंवा सुटायला तयार होत नाही, आणि बंद समजून हात लावणाऱ्याला झटका बसतो. म्हणून कॉइलवर.

शेतातल्या तीन फेजच्या डीओएल स्टार्टरसाठी हेच उचलायचं असेल तर आधी कॉइलवरचा आकडा वाचा. बऱ्याच स्टार्टरची कॉइल दोन फेजमध्ये, ४१५ व्होल्टची असते. आपल्या रिलेवर २५० व्होल्ट लिहिलंय आणि हा कपॅसिटर २७५ चा आहे. ४१५ व्होल्ट या दोघांतून न्यायचेच नाहीत. न्यूट्रल उपलब्ध असेल तर कॉइल बदलून २३० व्होल्टची बसवून घ्या.

३ मे: डब्यात बसवून चाचणी

ईएसपी-३२ आणि रिले डब्याच्या एका बाजूला, २३० व्होल्टच्या तारा दुसऱ्या बाजूला, मध्ये ५ सेंटिमीटर अंतर. ईएन पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाढवला, या बोर्डवर तो नव्हता.

दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, अशी ५०० आवर्तनं, मोटार न जोडता. एकही रीसेट नाही. शेवटी स्नबर काढून ५० आवर्तनं: सहा रीसेट. पुन्हा लावून ५०: शून्य. ईएनवरचा कपॅसिटर असूनही सहा, म्हणजे तो आधार आहे, उपाय स्नबरच.

दुपारी अडीच वाजता डब्यात ४३ अंश. रिले तासभर चालू ठेवून, बंद करून, लगेच चालू केला: ओढला. त्या वेळी कॉइलवर ४.६ व्होल्ट, कलेक्टरवर ०.१२. उद्या मोटार जोडायची.